जीडब्ल्यूएएसमध्ये 2×10⁻⁶ का पुरत नाही

प्रश्न: मी जीवतंत्रज्ञानात पीएचडी करत आहे. टाइप २ मधुमेहाशी जोडलेले जनुकीय फरक संपूर्ण जनुकसंचात शोधणाऱ्या आमच्या जीडब्ल्यूएएसमध्ये २,००० रुग्ण आणि ३,००० निरोगी व्यक्ती होत्या. एका एसएनपीचे, म्हणजे डीएनएतील एका अक्षराच्या फरकाचे, पी-मूल्य 2×10⁻⁶ आले, तरी परीक्षकांनी ते "सार्थ नाही" म्हणून बाजूला ठेवले. बाकी सगळीकडे ०.०५ चालते, मग इथेच 5×10⁻⁸ चा हट्ट कशासाठी? यात खरी जनुके हातची जात नाहीत का?

उत्तर:

तुमचा निष्कर्ष खोटा असण्याची शक्यता पाच लाखांत एक एवढीच आहे, असा तुमचा समज झाला असावा, कारण पी-मूल्याकडे पाहिले की तसेच वाटते. प्रत्यक्षात तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी हिशेब केला, तेव्हा तो निष्कर्ष खोटा असण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के निघाली. परीक्षकांचा आक्षेप या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा आहे. तो हिशेब पुढे करतो, पण त्याआधी 5×10⁻⁸ हा आकडा कोठून आला ते पाहू.

पी-मूल्य एवढेच सांगते की, त्या एसएनपीचा रोगाशी काहीही संबंध नसता, तरी केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता. एकच प्रश्न विचारला असेल तर ०.०५ ही मर्यादा ठीक आहे. जीडब्ल्यूएएसमध्ये मात्र आपण संपूर्ण जनुकसंचावर प्रश्न विचारत जातो. दहा लाख स्वतंत्र चाचण्या केल्या आणि त्यांतल्या एकाही एसएनपीचा मधुमेहाशी संबंध नसला, तरी ०.०५ च्या मर्यादेखाली सुमारे पन्नास हजार एसएनपी "सार्थ" ठरतील. तुमच्या 2×10⁻⁶ च्या मर्यादेतसुद्धा सरासरी दोन येतील. म्हणजे रोगाला जनुकीय आधार शून्य असता तरी तुमच्या तक्त्यात वरच्या ओळींवर असे एक-दोन एसएनपी दिसलेच असते. पूर्ण अभ्यासात एकही खोटा दावा शिरण्याची शक्यता ०.०५ च्या आत ठेवायची असेल, तर ०.०५ ला दहा लाखांनी भागावे लागते आणि उत्तर येते 5×10⁻⁸.

यावर कोणीही विचारील की, दहा लाखच का? मानवी जनुकसंचात एक टक्क्याहून अधिक वारंवारतेचे सुमारे एक कोटी फरक आहेत, तुमच्या चिपवर कदाचित पाच-सहा लाख असतील आणि इम्प्युटेशननंतर, म्हणजे न मोजलेल्या फरकांचा अंदाज बांधल्यावर, ते ऐंशी लाखांवर गेले असतील. यांपैकी कोणताही आकडा थेट घेतला जात नाही, कारण शेजारचे एसएनपी एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. गुणसूत्राचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या सलग वारशाने येतो, त्यामुळे एक एसएनपी ठाऊक असला की आजूबाजूच्या अनेकांचा अंदाज बांधता येतो. यालाच लिंकेज डिसइक्विलिब्रियम म्हणतात. हे लक्षात घेऊन हॅपमॅप प्रकल्पाने २००५ मध्ये प्रत्येकी पाच लाख अक्षरांचे दहा विभाग बारकाईने तपासले आणि युरोपीय वंशाच्या लोकांत अशा एका विभागात सुमारे दीडशे स्वतंत्र चाचण्यांइतकेच वैविध्य असल्याचा अंदाज दिला. तीन अब्जांहून थोड्या अधिक अक्षरांच्या जनुकसंचाला तो लावला की हिशेब दहा लाखांच्या आसपास येतो. पुढे २००८ मध्ये डडब्रिज आणि गुस्नांतो यांनी वेगळ्या पद्धतीने 7.2×10⁻⁸ हा आकडा काढला. तोही याच्या अगदी जवळचा आहे.

गंमत अशी की, हा आकडा त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, रिश आणि मेरिकँगस यांच्या लेखात आला होता. त्यांनी माणसात एक लाख जनुके आणि प्रत्येकी दहा पर्यायी रूपे म्हणजे अ‍ॅलील धरले होते. प्रथिने घडवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास निघाली, तरी उत्तर टिकले. अर्थात ते सगळीकडे सारखेच लागू पडते असे मानू नका. आफ्रिकी वंशाच्या लोकांत सहसंबंधित तुकडे आखूड असतात, स्वतंत्र चाचण्या अधिक होतात आणि मर्यादा आणखी खाली न्यावी लागते. पूर्ण जनुकसंचाचे अनुक्रमण करून दुर्मीळ फरकही तपासले, तर 5×10⁻⁹ सारखी मर्यादा वापरतात.

येथपर्यंतचे स्पष्टीकरण बहुतेक पाठ्यपुस्तकांत मिळते, पण ते अपुरे आहे. केवळ चाचण्यांची संख्या हे कारण सांगितले की विद्यार्थी विचारतात, "मी जर एकच एसएनपी तपासला असता आणि त्याचे पी-मूल्य 2×10⁻⁶ आले असते, तर ते मान्य झाले असते का?" प्रश्न रास्त आहे, कारण बाकीचे नऊ लाख नव्व्याण्णव हजार एसएनपी तपासल्याने या एका एसएनपीचा पुरावा कसा बदलतो, हे वरच्या स्पष्टीकरणातून कळत नाही. खरे उत्तर असे की, कारणे नसताना जनुकसंचातून उचललेला कोणताही एसएनपी रोगाशी संबंधित असण्याची पूर्वशक्यता फारच कमी असते, आणि ती तुम्ही एक तपासला किंवा दहा लाख तपासले तरी तेवढीच राहते.

आता हिशेब. समजा, दहा लाख स्वतंत्र जागांपैकी दहा जागा अशा आहेत की तेथील अ‍ॅलीलमुळे मधुमेहाचे ऑड्स गुणोत्तर, म्हणजे आजार होण्या-न होण्याच्या प्रमाणातील पट, १.२ होते. मधुमेहासाठी हा अंदाज उदारच म्हणावा लागेल. सर्वांत ठळक सामान्य जनुक टीसीएफ७एल२, त्याचे गुणोत्तर सुमारे १.४ आहे, आणि बहुतेकांचे १.१ च्याही खाली आहे. निरोगी लोकांत त्या अ‍ॅलीलची वारंवारता ३० टक्के धरली, तर १.२ गुणोत्तराने रुग्णांत ती जेमतेम ३४ टक्के होते. २,००० रुग्ण म्हणजे ४,००० गुणसूत्रे आणि ३,००० निरोगी म्हणजे ६,०००. या आकड्यांवर ३० आणि ३४ मधील फरकाची अपेक्षित झेड-किंमत, म्हणजे तो फरक प्रमाणित त्रुटीच्या किती पट आहे हे सांगणारा आकडा, ४.१७ येते.

तुमच्या 2×10⁻⁶ ची झेड-किंमत ४.७५ आहे. खऱ्या एसएनपीकडून अशी किंमत येणे सहज शक्य आहे, खोट्याकडून ती येणे फार दुर्मीळ आहे, आणि या दोन शक्यतांचे गुणोत्तर सुमारे ३४,००० भरते. म्हणजे तुमच्या विदेने त्या एसएनपीच्या बाजूने चौतीस हजार पटींचा पुरावा दिला आहे, जो अन्य कोणत्याही विषयात प्रचंड मानला गेला असता. पण सुरुवातीची शक्यता दहा लाखांत दहा, म्हणजे एक लाखास एक होती. चौतीस हजारांना लाखाने भागले की ०.३४ येते. याचा अर्थ खरा असण्याची बाजू एक धरली तर खोटा असण्याची बाजू जवळपास तीन आहे, आणि वर सांगितलेले ७५ टक्के येथून आले. हाच हिशेब बरोबर 5×10⁻⁸ वर केला तर पुरावा सुमारे सहा लाख पटींचा होतो आणि खरा असण्याची बाजू एकास सहा, म्हणजे ८६ टक्के, इतकी वर जाते. ही मर्यादा शुद्धतेच्या अतिरेकी आग्रहातून आलेली नाही. एक लाखास एक इतक्या क्षीण पूर्वशक्यतेला भरून काढून थोडे वर यायला जेवढा पुरावा लागतो, साधारण तेवढाच ती मागते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर हा हिशेब दहा या अंदाजावर अवलंबून आहे. दहाऐवजी शंभर जागा १.२ गुणोत्तराच्या आहेत असे मानले, तर तुमचा एसएनपी खरा असण्याची शक्यता ७७ टक्क्यांपर्यंत जाते. पण मधुमेहात एवढ्या ताकदीच्या शंभर सामान्य जागा नाहीत, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांतील मोठ्या अभ्यासांनी दाखवले आहे.

ढिली मर्यादा ठेवली तर काय होते हे या क्षेत्राने स्वतः भोगलेले आहे. जीडब्ल्यूएएस येण्यापूर्वी संशोधक एखादे "संशयित" जनुक निवडत, दोन-चारशे लोकांत तपासत आणि पी-मूल्य ०.०५ च्या खाली आले की लेख छापत. हिर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा सहाशेहून अधिक सहसंबंधांचा आढावा घेतला. त्यांतील १६६ सहसंबंध तीन किंवा अधिक वेळा तपासले गेले होते, आणि सातत्याने टिकलेले फक्त सहा होते. नैराश्याच्या बाबतीत तर २०१९ मध्ये लाखो लोकांच्या विदेवर अठरा प्रसिद्ध जनुके पुन्हा तपासली गेली. त्यांत सेरोटोनिन वाहकाचे बहुचर्चित जनुकही होते. कोणत्याही यादृच्छिक जनुकापेक्षा त्यांचा नैराश्याशी अधिक संबंध आढळला नाही. या अठरांवर आधीच्या दोन दशकांत शेकडो लेख लिहिले गेले होते.

मर्यादेच्या जवळपासचे निष्कर्ष किती डळमळीत असतात याचा एक बोलका नमुना तुमच्याच आकाराच्या अभ्यासात आहे. ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट केस कंट्रोल कन्सोर्शियमने २००७ मध्ये सात आजारांसाठी प्रत्येकी सुमारे २,००० रुग्ण आणि ३,००० जणांचा सामाईक तुलनागट घेतला. त्यांनी मर्यादा 5×10⁻⁷ ठेवली होती, आणि तीही वर केला तशाच पूर्वशक्यतेच्या हिशेबाने निवडली होती. हृदयधमनीविकारात नवव्या गुणसूत्रावरील rs1333049 चे पी-मूल्य 10⁻¹⁴ च्या घरात आले, आणि तो संबंध त्यानंतर जगभर पुन्हापुन्हा दिसला. बायपोलर विकारात सोळाव्या गुणसूत्रावरील rs420259 ने 6×10⁻⁸ गाठले. ते त्यांच्या मर्यादेच्या आत होते आणि आजच्या मर्यादेच्या केसभर बाहेर. पुढील मोठ्या एकत्रित अभ्यासांत हा दुसरा एसएनपी टिकला नाही. तसे पाहता तो फक्त जीनोटाइपनिहाय चाचणीत चमकला होता. नेहमीच्या ट्रेंड चाचणीत त्याचे पी-मूल्य कितीतरी मोठे होते, आणि अशी तफावत दिसली की आज आपण सावध होतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. होय, खरी जनुके हातची जातात, आणि बरीच जातात. वरच्याच उदाहरणात १.२ गुणोत्तराचा खरा एसएनपी 5×10⁻⁸ ओलांडेल अशी शक्यता तुमच्या नमुन्यात फक्त १० टक्के आहे. दहापैकी नऊ खरे एसएनपी तुम्हाला दिसणारच नाहीत. मात्र नमुना दुप्पट केला तर हीच शक्यता ६७ टक्के होते आणि तिप्पट केला तर ९६ टक्के. मर्यादा दहा लाख पटींनी कडक केली म्हणून नमुना दहा लाख पटींनी वाढवावा लागत नाही. ८० टक्के क्षमतेसाठी ०.०५ च्या तुलनेत 5×10⁻⁸ ला सुमारे पाचपट लोक लागतात. मर्यादा सैल करण्याऐवजी नमुना वाढवणे या क्षेत्राने का पसंत केले, याचे उत्तर या पाचपटीत आहे. स्किझोफ्रेनियाच्या आंतरराष्ट्रीय गटाला २०१४ मध्ये सुमारे ३७,००० रुग्णांत १०८ जागा मिळाल्या आणि २०२२ मध्ये सुमारे ७७,००० रुग्णांत २८७. मर्यादा दोन्ही वेळा तीच होती.

परिणाम मोठा असेल तर कडक मर्यादेची अडचण मुळीच जाणवत नाही. क्लाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वार्धक्यातील मॅक्युला-ऱ्हासाचे फक्त ९६ रुग्ण आणि ५० निरोगी लोक तपासले. त्यांनी एक लाखाहून थोडे अधिक एसएनपी पाहिले, म्हणून त्यांची मर्यादा 4.8×10⁻⁷ होती, आणि सीएफएच जनुकातील एसएनपीने ती सहज ओलांडली, कारण दोन्ही प्रती धोक्याच्या असलेल्यांत आजाराची शक्यता सातपटीहून अधिक होती. मधुमेहात असे मोठे मासे नाहीत.

येथे एक पर्याय हमखास सुचवला जातो. जनुक-अभिव्यक्तीच्या अभ्यासांत जशी बेंजामिनी-हॉकबर्गची फॉल्स डिस्कव्हरी रेट पद्धत वापरतात, तशी येथे का वापरू नये? ती पद्धत वाईट नाही, पण कच्च्या एसएनपींच्या यादीला लावली तर ती फसवते. एखाद्या खऱ्या जागेभोवती सहसंबंधामुळे दोनशे एसएनपी एकाच वेळी सार्थ दिसतात. पद्धत त्यांना दोनशे शोध मानते आणि पाच टक्के खोटे चालतील या न्यायाने दुसरीकडच्या दहा निव्वळ योगायोगांना आत येऊ देते. वाचकाच्या दृष्टीने मात्र तो अकरा जागांचा अहवाल असतो आणि त्यांतील दहा खोट्या असतात.

कडक मर्यादेने सगळ्या खोट्या शोधांपासून संरक्षण मिळते असेही नाही. ती फक्त योगायोगापासून वाचवते. पक्षपातापासून नाही. शंभरी गाठलेल्या लोकांच्या जनुकांवरचा २०१० सालचा एक गाजलेला लेख पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, कारण शतायुषींच्या नमुन्यांचा काही भाग ज्या चिपवर तपासला होता, तिच्यात काही एसएनपी चुकीचे वाचले जात होते. अशी चूक पद्धतशीर असते, त्यामुळे नमुना जितका मोठा तितके पी-मूल्य अधिक नेत्रदीपक होते. ती ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे जनुकसंचावर पी-मूल्ये मांडणाऱ्या मॅनहॅटन आलेखात एकटाच उंच उभा असलेला ठिपका. खऱ्या संकेताखाली शेजारच्या सहसंबंधित एसएनपींची उतरती रांग असते, तर चुकीच्या वाचनाला शेजारी साथ देत नाहीत. भारतात याच्या जोडीला लोकसंख्येच्या अंतर्गत रचनेचा प्रश्न येतो. शतकानुशतके जातीतच विवाह झाल्यामुळे अ‍ॅलीलच्या वारंवारता समूहासमूहांत बदलतात. तुमचे रुग्ण एका समूहातून अधिक आणि निरोगी लोक दुसऱ्यातून अधिक आले असतील, तर 10⁻¹² सुद्धा निरर्थक ठरू शकते. त्यासाठी अपेक्षित आणि प्रत्यक्ष पी-मूल्यांची तुलना करणारा क्यूक्यू आलेख पाहा. बिंदू अगदी सुरुवातीपासूनच कर्णरेषेच्या वर सरकत असतील तर रचनेचा संशय घ्या. फक्त शेवटच्या टोकाला वर वळत असतील तर ठीक. लोकांची वंशरचना टिपणारे प्रिन्सिपल कंपोनंट घालून विश्लेषण पुन्हा करा आणि तुमचा एसएनपी हलतो का ते बघा.

हे सर्व तपासून तो एसएनपी टिकला, तर मर्यादेशी वाद घालू नका. त्याला "सूचक" म्हणून नोंदवा आणि वेगळ्या लोकांत पुन्हा तपासा. तेथे तुम्ही एकच एसएनपी, आधी जाहीर केलेला अ‍ॅलील आणि आधी जाहीर केलेली दिशा तपासणार आहात, म्हणून ०.०५ अगदी पुरेसे आहे. हीच गोष्ट एफटीओ जनुकाच्या बाबतीत पुण्यात झाली. २००७ मध्ये युरोपीय अभ्यासांनी ते जनुक निर्विवादपणे पुढे आणले होते, त्यामुळे केईएम रुग्णालयातील आणि हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांना त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध पुण्याच्या लोकांत तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध करताना दहा लाख चाचण्यांचा दंड भरावा लागला नाही. बाहेरून आलेल्या पुराव्याने पूर्वशक्यता आधीच वर नेली होती.

तुमच्या एसएनपीसाठी आणखी २,००० रुग्ण आणि ३,००० निरोगी मिळाले तर काय होईल तेही काढून ठेवले आहे. तो खरा असेल तर त्याच दिशेने ०.०५ ओलांडण्याची शक्यता ९८ टक्क्यांहून अधिक आहे. खोटा असेल तर चाळीसात एक. ही पायरी पार झाली की तो खरा असण्याची शक्यता २५ वरून ९३ टक्क्यांवर जाते, आणि दोन्ही नमुने एकत्र केल्यावर झेड-किंमत साधारण ६.३ येऊन पी-मूल्य 10⁻⁹ च्याही खाली जाते. खोटा असेल तर एकत्रित पी-मूल्य 10⁻³ च्या आसपास घसरते. दुसऱ्या नमुन्याचा आकार ठरवताना मात्र पहिल्या अभ्यासात दिसलेले ऑड्स गुणोत्तर जसेच्या तसे धरू नका. तुम्ही यादीतील सर्वांत ठळक एसएनपी निवडला आहे, म्हणून त्याचा परिणाम फुगलेलाच असणार. खरे गुणोत्तर १.२ असले तरी तुमच्या आकाराच्या अभ्यासात 5×10⁻⁸ ओलांडणाऱ्याला ते किमान १.२७ दिसावेच लागते. नमुन्याचा हिशेब १.१५ धरून करा, आणि तेवढे लोक एकट्या संस्थेला जमत नसतील तर दक्षिण आशियाई मधुमेह-अभ्यासांची प्रसिद्ध केलेली सारांश-आकडेवारी आधी पाहा. तुमचा एसएनपी त्यांत असेल तर उत्तर नवा नमुना गोळा न करताही मिळेल. फक्त त्या अभ्यासातील लोक आणि तुमचे लोक एकच नाहीत याची खात्री करून घ्या.